शुक्रवारची सहा चाळीस

सकाळचा जप आज झालाच नाही. चौतीस वर्षांत मी फार तर दोन-तीनदा माळ चुकवली असेल, ती बाळंतपणात आणि सासूबाई गेल्या तेव्हा. आज माळ पिशवीत होती, हात पिशवीत होता, पण बोटं मणी पुढे ढकलायलाच तयार नव्हती. आता दुपार झाली तरी वहीवर अक्षर वाकडंच उमटतंय. रोज चार ओळी लिहून वही मिटते मी. आज ती लवकर मिटणार नाही, कारण आज आमच्या ह्यांच्याविषयी लिहायचं आहे, आणि सुरुवातीपासून लिहिल्याशिवाय कुणाला कळायचं नाही की सकाळी बसथांब्यावर माझ्या पायाखालची जमीन का सरकली.

हे एसटीच्या डेपोत वेळापत्रकाच्या टेबलावर होते. बाविसाव्या वर्षी चिकटले ते साठीला हार घालून बाहेर पडले. टेबलाएवढा कागद, त्यावर आडवी वेळ, उभे थांबे, आणि रंगीत पेन्सिलीने ओढलेली एकेक फेरी. लाल म्हणजे लांब पल्ला, निळी तालुक्याची, हिरवी मुक्कामाची. मी लग्न होऊन आले तेव्हा ह्यांच्या उजव्या हाताची करंगळी कायम हिरवी-निळी असायची. सासूबाई म्हणायच्या, "मुलगा नोकरीला आहे की रंगपंचमीला?"

डेपोत ह्यांचं नाव पडलं होतं 'चौकशी'. खिडकीवरचा माणूस रजेवर असला की हेच बसायचे, आणि बसले की उठायचे नाहीत. तोंडपाठ सांगायचे. कुणाच्या घरी मयत असो नाही तर मुलगी बघायला जायचं असो, नातेवाइकांचा फोन आमच्याकडे. "चौकशी आहेत का घरी?" मग हे डोळे मिटून सांगणार: अमुक फाट्यावर उतरा, पलीकडे टपरीपाशी थांबा, वीस मिनिटांत दुसरी येईल, तिच्यात डावीकडे बसा, उजवीकडे ऊन लागतं. डावी-उजवीसुद्धा! आणि एक गोष्ट ते फार अभिमानाने सांगायचे. सुट्टीत शाळा बंद असतात म्हणून एका साहेबाने सकाळची शाळेची फेरी रद्द करायला सांगितली होती. हे अडून बसले. म्हणाले, "साहेब, नाव शाळेचं आहे, पण तिच्यात दूधवाले जातात, कोर्टाचे लोक जातात, दवाखान्याला पेशंट जातो. पोरं नसली तरी गाडी सुटणार." आणि ती सुटली. तेहतीस वर्षं सुटली. ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकली आहे की झोपेतही सांगेन.

मुलाने आम्हांला इकडे परदेशात आणलं त्याला वर्ष झालं. छोटंसं गाव. एक चौक, एक शाळा, एक पेपरचं दुकान, टेकडीवर वृद्धाश्रम. त्या वृद्धाश्रमात आमची सून कामाला आहे. ती आपल्याकडे आठ वर्षं नर्स होती, ऑपरेशनच्या खोलीत उभी राहायची. इथे तिचं शिक्षण मानत नाहीत. इथली तोंडी परीक्षा पास होईपर्यंत ती मदतनीस. म्हणजे म्हाताऱ्यांना भरवायचं, पुसायचं, चादरी बदलायच्या. इंजेक्शनला हात लावायचा नाही. दोनदा परीक्षा दिली, दोनदा थोडक्यात गेली. नियम तीनदाचा. तिसऱ्यांदा नाही तर कायमचं नाही. आणि गैरहजर राहिलं तरी ती एक संधी गेलीच. ही तिसरी परीक्षा आजची होती, शुक्रवारी नऊ वाजता, जिल्ह्याच्या शहरात. पावणेनऊला दार बंद.

मुलगा एरवी गाडीने सोडतो, पण त्याला आठवडाभर कामावरून दूर पाठवलंय. सुनेला गाडी चालवता येत नाही. तेव्हा बस.

आणि बस म्हटल्यावर आमच्या ह्यांनी वर्षभरात पहिल्यांदा पाठ ताठ केली.

वर्षभर ह्यांची काय अवस्था होती ते मीच जाणते. इथे कुणी काही विचारत नाही. सकाळी उठायचं, खिडकीशी बसायचं, "आता ती पावणेआठची गेली" असं मला सांगायचं. मग फिरायला लागले. गावातल्या अकराच्या अकरा थांब्यांवर जाऊन वेळापत्रकांचे फोटो काढले. मुलगा म्हणाला, "बाबा, लोक डोंगराचे फोटो काढतात." हे म्हणाले, "डोंगर हलत नाही. त्यात काय बघायचं?"

गेल्या रविवारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर ह्यांनी सुनेला त्यांचा फोन दाखवून सगळं समजावलं. मी भाजी निवडत ऐकत होते. फोटो बोटांनी मोठा करून सांगत होते, अगदी डेपोतल्यासारखं.

"हे बघ. वरपासून खाली थांबे. प्रत्येक उभी ओळ म्हणजे एक फेरी. जिथे वेळेच्या जागी नुसती उभी रेघ, तिथे गाडी जाते पण थांबत नाही. आता डोक्यावरची चिन्हं. एक्स म्हणजे कामाचे दिवस. क्रूस म्हणजे रविवार आणि सरकारी सुट्टी. हे गोलातले आकडे म्हणजे वार. मी आधी एक म्हणजे रविवार धरला होता. पण सातच्या खाली सगळ्यात कमी फेऱ्या! म्हणजे सात रविवार. एक सोमवार. हे लोक आठवडा सोमवारपासून मोजतात."

"वा बाबा," सून म्हणाली. खरंच कौतुकाने म्हणाली.

"कोपऱ्यातली तारीख बघितलीस? वेळापत्रक कधीपासून कधीपर्यंत चालू, ते. पहिल्यांदा ते बघायचं. चालू आहे. आता गुरुवारी सरकारी सुट्टी. त्या दिवशी रविवारचं वेळापत्रक, विसरून जा. आपला शुक्रवार. कामाचा दिवस. सहा चाळीसला इथून निघून सात पंचावन्नला शहरात. ऐसपैस वेळ."

"ह्या सहा चाळीसवर एस आहे, बाबा."

"शाळेची गाडी. खाली लिहिलंय, तुझ्याच फोनने भाषांतर केलं ना, 'शाळेच्या दिवशी'. पोरं असणार, जागा मिळणार नाही, एवढंच. चढताना पुढे राहा."

"आणि हे टेलिफोनचं चित्र? सहा अठ्ठावन्न."

हे हसले. "ती फोन करून बोलवायची बस. तासभर आधी सांगायचं, मग येणार. बस आहे की वरातीचा घोडा? तिच्या नादी लागू नकोस. ती जंक्शनपर्यंतच जाते, पुढे रेल्वे. एक काम दोनदा."

"आणि त्याच्या पुढची सात पस्तीस?"

"ती नऊ पाचला पोचते. उपयोग नाही. सहा चाळीस एके सहा चाळीस."

तिकिटाचंही ह्यांनी शोधून काढलं होतं. इथे ड्रायव्हर तिकीट देत नाही. मशीन आहे ते जंक्शनच्या स्टेशनवर. गावात तिकीट फक्त पेपरच्या दुकानात. शहरापर्यंत तीन झोन, म्हणजे तीन झोनचं तिकीट, आणि बसमध्ये चढल्यावर ते छोट्या पेटीत घालून ठसा उमटवायचा. ठसा नाही तर ते तिकीट असून नसल्यासारखं. गुरुवारी सुट्टी म्हणजे दुकान बंद, म्हणून ह्यांनी बुधवारीच जाऊन जाण्या-येण्याची दोन तिकिटं आणली आणि तिच्या परीक्षेच्या फाइलला टाचणीने लावली. हे सगळं अगदी बरोबर होतं. आत्ताही सांगते, हे सगळं बरोबर होतं.

त्या रविवारीच सून जरा थांबून म्हणाली होती, "बाबा, मी ॲपमध्ये शुक्रवार टाकून बघितला. सहा चाळीस दाखवत नाहीये."

"ॲप कुठेतरी बसून कुणी पोरगं बनवतं," हे म्हणाले. "हा कागद डेपोतल्या माणसाने स्वतः येऊन चिकटवलाय. छापलेला कागद खोटं बोलत नाही."

ती पुन्हा काही बोलणार, तेवढ्यात मी तिच्याकडे बघितलं. तोंडाने काही नाही म्हणाले. सासूला नुसती नजर पुरते. नजरेत होतं की जाऊ दे गं, बिचारे किती दिवसांनी खुलले आहेत. तिने फोन पालथा ठेवला. देवा, ती नजर मी परत घेऊ शकले असते तर.

बुधवारी तर हे पहाटे उठून थांब्यावर जाऊन आले. रंगीत तालीम. परत आले ते विजयी मुद्रेने. "सहा चाळीस म्हणजे सहा चाळीस! एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही. पोरं होती, मी म्हणालो तसं." मग माझ्याही मनात शंका उरली नाही. माणूस डोळ्यांनी बघून आला आहे, आणखी काय हवं?

आज सकाळी सव्वासहाला आम्ही तिघं निघालो. सून इस्त्रीच्या कपड्यांत, केस घट्ट बांधलेले, ओठ हलत होते; उत्तरं पाठ म्हणत होती. मी दही-साखर हातावर ठेवली होती. हे पुढे, हात मागे बांधून, जसे डेपोत फेरी मारायचे तसे.

थांब्यावर कुणी नव्हतं.

"पोरं शेवटच्या मिनिटाला येतात," हे म्हणाले.

सहा पस्तीस झाले. एक मांजर रस्ता ओलांडून गेलं. समोरच्या पेपरच्या दुकानाचं शटर अर्धं वर झालं. सहा अडतीस. सहा चाळीस. ह्यांनी रस्त्याच्या टोकाकडे मान वळवली आणि तशीच ठेवली. सहा पंचेचाळीस झाले तरी मान तशीच. मी ह्यांना हाक मारली. मग ते वेळापत्रकाच्या काचेपाशी गेले, बोट ठेवून वरून खाली वाचलं, पुन्हा वरून खाली वाचलं. बोट काचेवर ठकठक वाजत होतं. 

"येईल," हे म्हणाले. "बुधवारी आली होती."

"बाबा," सून म्हणाली. तिचा आवाज इतका शांत होता की माझ्या अंगावर काटा आला. "येणार नाहीये. मी काल परत बघितलं. परवापण बघितलं होतं. ॲपमध्ये शुक्रवारची गाडीच नाही."

हे वळले. "मग बोलली का नाहीस?"

"एकदा बोलले होते."

"एकदा? एकदा! तुझी परीक्षा, तुझं आयुष्य, आणि तू एकदा बोलून गप्प बसलीस? माझ्या तोंडावर फेकून मारायचा होतास तो फोन!"

"कसा मारणार?" आता तिचाही आवाज चढला. "तुम्ही तिकिटं टाचणीने लावून दिलीत. पहाटे उठून बघून आलात. वर्षभरात पहिल्यांदा जेवताना दुसऱ्यांदा भात मागितलात. मला वाटलं, इतकं बघून सांगतायत, तर ॲपच चुकलं असेल. तशी मनाची समजूत घातली मी."

मी तिथेच बाकावर बसले. ह्यांचा चेहरा मी उभ्या आयुष्यात असा बघितला नव्हता. कुणीतरी आतला दिवा काढून घेतला होता. हे म्हणाले, "म्हणजे माझा मान राखायला..."

आमचा आवाज ऐकून पेपरच्या दुकानातल्या बाई बाहेर आल्या. साठीच्या, जाड भिंगांचा चष्मा, हाताला शाई. ह्यांना ओळखतात, बुधवारी ह्यांनी खुणा करकरून तिकीट घेतलं होतं. सुनेशी त्या त्यांच्या भाषेत बोलल्या आणि बोलता बोलता काचेवर त्या एसवर बोट ठेवलं. सून ऐकत गेली तशी पांढरी पडत गेली.

"काय म्हणतात?" मी विचारलं.

"म्हणतात, एस म्हणजे शाळा असेल तेव्हाच. आज शाळा नाही. काल सुट्टी, उद्या शनिवार, मधला एक दिवस शाळा स्वतःहून सुट्टी देते. सरकारी नाही, म्हणून कॅलेंडरवर लाल नसतो. दुकानं उघडी, ऑफिसं उघडी, परीक्षा चालू, फक्त शाळा बंद. गावात सगळ्यांना माहीत आहे. शाळेच्या दारावर वर्षाची यादी लावलेली असते."

गावात सगळ्यांना माहीत आहे. आमच्या घरात शाळेत जाणारं कुणी नाही, आम्हांला कोण सांगणार?

"पण पोरं नसली तरी..." हे म्हणाले, आणि थांबले. मला त्या साहेबाची गोष्ट आठवली. त्यांनाही आठवली असणार. तेहतीस वर्षं ज्या गाडीसाठी माणूस भांडला, ती इथे खरंच पोरांसाठीच होती. पोरं नाहीत तर गाडी नाही. एस म्हणजे आत कोण बसणार हे नव्हतं, गाडी कधी सुटणार हे होतं. कागद खोटं बोलला नव्हता. ह्यांनी त्यात आपला डेपो वाचला होता.

सहा अठ्ठेचाळीस.

सून म्हणाली, "संपलं." रडली नाही. फाइल छातीशी धरून नुसती उभी राहिली. त्यापेक्षा रडली असती तर बरं.

मग हे एकदम पुढे झाले. "त्यांना विचार, सहा अठ्ठावन्नची फोनवाली. कुणी बोलावलीय का?"

"बाबा, तासभर आधी सांगावं लागतं. तुम्हीच म्हणालात."

"आपण नाही सांगितलं. दुसऱ्या कुणी सांगितलं असेल ना! एकासाठी जरी निघाली असेल तरी फेरी फेरी असते. विचार तू!"

बाईंनी काचेवरचा नंबर बघितलासुद्धा नाही, त्यांना पाठ होता. दुकानातल्या फोनवरून लावला. आम्ही तिघं काउंटरला चिकटून उभे. पेपरांचे गठ्ठे अजून दोरीतच होते. बाई ऐकत होत्या, मान हलवत होत्या, "हं, हं" करत होत्या. मला फक्त त्यांच्या भुवया दिसत होत्या. भुवया खाली गेल्या, मग वर गेल्या.

सुनेने भाषांतर केलं, तुटक तुटक. "निघाली आहे. एका पेशंटने काल सांगून ठेवली होती. पण ती इथे येत नाही. इथून कुणी मागितली नाही ना, म्हणून चौकातून वळसाच घेत नाही. लाकडाच्या वखारीच्या थांब्यावरून सात दोनला त्यांना घेऊन थेट जंक्शनला. आठ जणांची गाडी आहे, जागा आहे. आता नवीन थांबा जोडता येत नाही. पण वखारीशी कुणी उभं असेल तर ड्रायव्हर घेईल."

"वखार किती लांब?"

"अडीच किलोमीटर. उतार आहे."

सहा बावन्न. अडीच किलोमीटर दहा मिनिटांत. मी मनातल्या मनात पावलं मोजली आणि सोडून दिली.

बाईंनी काही न बोलता मागच्या दारातून सायकल ओढून आणली. पुढे टोपली, टोपलीत पेपर. टोपली उचलून जमिनीवर पालथी केली, सगळे पेपर पसरले. सुनेने फाइल टोपलीत टाकली. इथे आल्यावर कामाला जायला सायकल शिकली होती ती, पण इस्त्रीच्या पँटमध्ये, परीक्षेला, परक्या बाईच्या सायकलवर!

"पाय मोकळा सोड, उतार आहे," हे ओरडले. "ठसा मारायला विसरू नकोस! फोनवाल्या गाडीतपण पेटी असेल! आणि जंक्शनला सात चाळीसची रेल्वे, फलाट बघून..."

ती वळणावरून दिसेनाशी झाली तरी हे ओरडतच होते.

आम्ही तिघं म्हातारी रस्त्यात उभी. बाई खाली वाकून पेपर गोळा करायला लागल्या. मीही वाकले. हे वाकले नाहीत. हे रस्त्याच्या वळणाकडे बघत होते, आणि मला कळलं की ते श्वास धरून उभे आहेत. सात दोन झाले. सात पाच झाले. फोन वाजला नाही. मी देवाला काय म्हणाले ते इथे लिहीत नाही. चांगलं बोलले नाही. एवढी वर्षं तुझं नाव घेते आणि तू एका कागदावरच्या अक्षराआड लपतोस का, असं काहीतरी बोलले. त्याला राग आला असेल तर त्याने माझ्यावर काढावा.

सात अकराला सुनेचा मेसेज आला. तीन शब्द. "मिळाली. बसले. ठसा."

हे बाकावर बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मी पाठीवर हात ठेवला तर पाठ भिजली होती, सदऱ्यातून ओल लागत होती.

"मी घालवली होती गं," हे म्हणाले. "तिची परीक्षा मी घालवली होती. शुक्रवारी धावतच नसलेली गाडी मी तिला बुधवारच्या भरवशावर दिली."

"पोचेल ती."

"पोचेल. पण माझ्या वेळापत्रकाने नाही. एका पेशंटच्या मेहेरबानीने."

मी म्हणाले, "घालवणारे तुम्ही एकटे नव्हता. ती बोलत होती, मी तिला डोळ्यांनी गप्प केलं."

हे माझ्याकडे बघत राहिले. हे त्यांना ठाऊकच नव्हतं. मी स्वतःला सावरून घेणारं पुढे काही जोडलं नाही.

घरी चला म्हटलं तर येईनात. उठले ते थेट शाळेच्या फाटकाशी गेले. मी मागे. फाटक बंद, आत पटांगणात एकही पोर नाही, झेंड्याची दोरी काठीवर टकटक आपटत होती. फाटकावर काचेच्या पेटीत खरंच यादी होती, वर्षभराची. आजची तारीख चौथ्या ओळीत. हे तिच्यापुढे इतका वेळ उभे राहिले की मला कसंतरी झालं. मग फोटो काढला. तरी समाधान नाही. मग खिशातून कागद काढून एकेक तारीख हाताने उतरवून घेतली. अठ्ठावीस तारखा. शेवटची तारीख लिहून झाल्यावर ह्यांना एकदम घाम फुटला.

"अगं, परतीची!"

"काय परतीची?"

"मी तिला परत येताना दोन दहाची सांगितलीय. शहरातून. तिच्यावरपण एस आहे."

आठ पंचवीस झाले होते. सून शहरात पोचली असणार, परीक्षेच्या दाराशी असणार. फोन करायची माझी छाती नाही, ह्यांची नाही. हे मेसेज लिहायला बसले. तीनदा खोडला. शेवटी मला दाखवून पाठवला. "दोन दहा येणार नाही. तीन पाच, एक्स, कामाच्या दिवशी. आधी ॲपमध्ये बघ. माझ्यापेक्षा वेगळं दिसलं तर ॲपचं ऐक आणि मला शिव्या दे." चौतीस वर्षांच्या संसारात 'माझं ऐकू नका' असं ह्या माणसाने कुणालाही लिहून दिलेलं मी पाहिलं नव्हतं.

नऊ ते बारा कसे गेले ते लिहिण्यासारखं नाही. मी डाळ शिजत ठेवली आणि गॅस पेटवायला विसरले. हे सोफ्यावर, हातात फोन, फोनवर ते वेळापत्रक. आता प्रत्येक चिन्हापुढे कागदावर लिहीत होते: हे कधी धावतं, कधी नाही. कोण बसतं ते नाही.

बारा दहाला फोन. ह्यांनी उचलला आणि माझ्याकडे सरकवला. मी कानाला लावला. ती काही बोलेचना. मला वाटलं, गेली. मला खरंच वाटलं, गेली.

"आई," ती म्हणाली, "पास."

मी खाली बसले. हे मोठ्याने म्हणाले, "काय? काय?" मी त्यांच्या कानाशी फोन धरला. पलीकडून हसणं येत होतं की रडणं, सांगता येणार नाही.

"दार कधी बंद केलं?" ह्यांनी विचारलं. हे विचारायचं होतं का?

"पावणेनऊला. मी आठ एकेचाळीसला आत गेले."

चार मिनिटं. ह्यांनी डोळे मिटले. मला वाटतं ती चार मिनिटं त्यांनी आजही मोजली आणि उद्याही मोजतील.

"बाबा, आणखी एक," ती म्हणाली. "पुढच्या वेळी तुम्ही चुकत असाल तर मी ओरडणार आहे. आईंनी बघितलं तरी ओरडणार आहे."

म्हणजे तिला माझी नजर चांगलीच कळली होती. माझे कान तापले.

"ओरड," हे म्हणाले. "दोघांवर ओरड. सायकल कुठे आहे?"

"वखारीपाशी. कुलूप नाही लावलं."

"मी आणतो," म्हणून हे चप्पल घालून निघालेसुद्धा. मी म्हटलं, अहो, अडीच किलोमीटर चढाची वाट, ढकलत आणावी लागेल, निदान दोन घास खाऊन जा. म्हणाले, "बाईंचे पेपर आज पोचले नसतील. त्यांची गाडी माझ्यामुळे बंद आहे."

तीन वाजत आलेत. ह्यांना जाऊन अडीच तास होऊन गेले, अजून आलेले नाहीत. सून तीन पाचच्या बसमध्ये बसलीय, तिने न विचारता मेसेज केलाय, "ॲपमध्येपण तीन पाच." खिडकीतून चढ दिसतो. चढावर एक माणूस सायकल ढकलत येतोय, टोपली रिकामी आहे, आणि दर पन्नास पावलांवर थांबून दम खातोय. पाण्याचा तांब्या घेऊन खाली जाते.